सोमवार ते शुक्रवार पहाटे पावणेसहाचा अलार्म: AM-PM चा घोळ कुठे होतो आणि तो रात्रीच कसा पकडायचा

प्रश्न: आम्ही सोलापुरात विजापूर रोडला राहतो. मुलीची शाळेची बस सव्वासातला येते, म्हणून मला पावणेसहाला उठावं लागतं. रात्री सगळं आवरून दहाच्या सुमारास अलार्म लावते. दोन वेळा तो सकाळी वाजलाच नाही, संध्याकाळी पावणेसहाला वाजला. कधी सोमवारी वाजतो आणि मंगळवारी गप्प. शनिवार-रविवार सुट्टी असते, तेव्हा वाजायला नको. माझा फोन अँड्रॉइड आहे, मिस्टरांचा आयफोन. रोज न लावता एकदाच नीट लावून ठेवायचा असेल तर काय करायचं, आणि तो सकाळचाच लागलाय हे झोपायच्या आधी कसं कळेल?

उत्तर:

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे बिघाड आहेत. संध्याकाळी वाजतो तो AM-PM चा, आणि सोमवारी वाजून मंगळवारी गप्प बसतो तो वार न निवडल्याचा. दोन्ही एकाच तपासणीत पकडता येतात. ती तपासणी शेवटी सविस्तर सांगतो, कारण अलार्म कुठल्याही कंपनीच्या अँड्रॉइड फोनवर लावा, ती तशीच चालते.

आधी PM का लागतो ते पाहू. नवा अलार्म लावायला + दाबलं की बऱ्याच फोनांत त्या क्षणाची वेळ आधीच भरून आलेली असते. तुम्ही रात्री दहाला लावता, म्हणजे समोर 10:00 PM असं येतं. तुम्ही दहाचे पाच करता, मिनिटं पंचेचाळीस करता आणि OK दाबता. PM ला कोणी हातच लावलेला नसतो, त्यामुळे तो जागच्या जागी राहतो. हाच अलार्म सकाळी दहाला लावला असता तर AM आपोआप बरोबर आला असता. म्हणून ज्यांना रात्री अलार्म लावायची सवय असते त्यांच्याच बाबतीत हा घोळ जास्त होतो, आणि 'कधी बरोबर लागतो, कधी चुकतो' असं वाटत राहतं. फोन बिघडलेला नसतो. कधी लावला त्यावर सगळं ठरतं.

दुसरं कारण चाकाचं. काही फोनांत गोल घड्याळाऐवजी वरखाली फिरणारे आकडे असतात, आयफोनवर तर असतातच. तासांचं चाक फिरवताना ते 11 वरून 12 वर गेलं की शेजारचा AM चा PM होतो किंवा PM चा AM होतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, कारण अकरानंतर बारा वाजले की दिवसाचा अर्धा भाग बदलतोच. पण अडचण अशी की आपण आधी AM करून घेतो, मग तास शोधायला चाक जोरात सोडतो, ते बारा ओलांडून पाचावर थांबतं आणि AM चा PM झालेला असतो. आपण मात्र 'AM तर मी केला होता' या खात्रीत. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी तास, मग मिनिटं, आणि AM सगळ्यात शेवटी. शेवटी केलेली गोष्ट नंतर कशानं बदलत नाही.

आता तुमच्या अँड्रॉइडवर प्रत्यक्ष लावू. फोनसोबत आलेलंच Clock ॲप वापरा. वेगळं उतरवलेलं अलार्मचं ॲप नको, कारण बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन अशी ॲप्स मागे बंद करून टाकतो आणि मग सकाळी काहीच वाजत नाही. Clock उघडा, Alarm वर जा. नवा लावण्याआधी यादी वरपासून खालपर्यंत एकदा पाहा. तुमच्याकडे बहुधा पावणेसहाचे दोन-तीन अलार्म साठलेले असतील, त्यातला एखादा 5:45 PM चा आणि अजून चालू असेल. तो तसाच ठेवून नवा बरोबर लावला तरी संध्याकाळी वाजणं थांबणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की नवाही चुकला. जुने सगळे काढून टाका. नुसते बंद करून ठेवू नका, कारण घाईत कधीतरी त्यांच्यावरच बोट पडतं.

मग + दाबा. गूगलच्या Clock मध्ये गोल घड्याळाची चकती येते, वर तास आणि मिनिटांचे दोन चौकोन, आणि बाजूला AM-PM एकाखाली एक. चकतीवर 5 वर बोट ठेवलं की ती आपोआप मिनिटांवर जाते. तिथे 45 वर टेकवा. मिनिटांत काटा थोडा सरकला तर 44 किंवा 46 होतं, म्हणून वरचा चौकोन वाचा. चकतीवर बोट नीट टेकत नसेल तर खालच्या कोपऱ्यातलं कीबोर्डचं चिन्ह दाबा. मग 5 आणि 45 सरळ टाइप करता येतं. वयस्कर माणसांना हाच मार्ग सोपा पडतो. आता AM वर एकदा बोट ठेवा, जरी तो आधीच निवडलेला वाटत असला तरी. निवडलेल्याचा रंग भरलेला असतो, न निवडलेला फिका. गडद थीम लावलेली असेल तर या दोन रंगांतला फरक रात्री दिवा बंद करून नीट दिसत नाही. दिव्याच्या उजेडात पाहा. मग OK.

फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर काही फोनांवर AM-PM च्या जागी म.पू. आणि म.उ. अशी अक्षरं दिसतात. म.पू. म्हणजे मध्यान्हाच्या आधीची वेळ. तुम्हाला म.पू. हवं.

इथवर लागलेला अलार्म एकदाच वाजणारा आहे. तो उद्या सकाळी वाजेल आणि स्वतःच बंद होईल. सोमवारी वाजून मंगळवारी गप्प बसतो तो हाच. वार निवडल्याशिवाय तो रोजचा होत नाही. गूगलच्या Clock मध्ये अलार्मच्या ओळीवर किंवा तिच्या बाणावर दाबलं की ती उलगडते आणि खाली सात छोटी वर्तुळं दिसतात. इंग्रजी फोनवर त्यांत S M T W T F S असं लिहिलेलं असतं. यात दोन S आहेत आणि दोन T. आपल्याकडच्या बहुतेक फोनांत आठवडा रविवारपासून सुरू होतो, म्हणून पहिला S रविवार आणि शेवटचा S शनिवार. मधली पाच वर्तुळं, M पासून F पर्यंत, भरलेली हवीत आणि दोन्ही टोकांची रिकामी. नेहमीची चूक अशी होते की डावीकडून सलग पाच दाबली जातात. मग रविवारी पहाटे घर उठतं आणि शुक्रवारी बस चुकते.

हा गोंधळ कायमचा मिटवायचा असेल तर त्याच ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, Settings मध्ये जा आणि Start week on ला Monday करा. मग वर्तुळं M T W T F S S अशी येतात: पहिली पाच भरायची, शेवटची दोन सोडायची. एका नजरेत कळतं. सॅमसंगवर हेच वार वेळेच्या चाकाखाली ओळीनं असतात, रविवारचं अक्षर लाल असतं, आणि निवडताच वर लिहून येतं की कोणकोणत्या वारी वाजणार. ती ओळ वाचा आणि शेवटी Save दाबायला विसरू नका. काही कंपन्यांच्या फोनांत वर्तुळं नसतात, Repeat अशी ओळ असते आणि तिच्यात एकदा, रोज, सोमवार ते शुक्रवार आणि तुमच्या मनाप्रमाणे असे पर्याय येतात. तिथे सोमवार ते शुक्रवार थेट निवडा. 'रोज' निवडून शनिवारी बंद करायचा विचार करू नका, त्यातला धोका पुढे सांगतो.

मिस्टरांच्या आयफोनवर Clock मध्ये Alarms, मग वरचं +. तास, मिनिटं आणि AM-PM अशी तीन चाकं दिसतील. वर सांगितलेला क्रम इथे सगळ्यात महत्त्वाचा: AM शेवटी. मग Repeat उघडा आणि Every Monday पासून Every Friday पर्यंत पाच ओळींवर खुणा करा. इथे 'आठवड्याचे कामाचे दिवस' असं एकच बटण नसतं, पाचही ओळी दाबाव्या लागतात. मागे येऊन Save. यादीत त्या अलार्मखाली Weekdays किंवा every weekday असं लिहून आलं तर पाच वार बरोबर लागले असं समजा. Weekdays ऐवजी वारांची तुटक यादी दिसली तर एखादा वार राहिलाय किंवा जास्तीचा लागलाय.

आता मूळ गोष्ट: झोपायच्या आधी कसं कळेल.

घड्याळावरचे 5:45 हे आकडे वाचून काही सिद्ध होत नाही, कारण सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे हुबेहूब सारखेच. यादीत 5:45 मोठ्या अक्षरात आणि AM-PM त्याच्या शेजारी बारीक अक्षरात असतो, आणि डोळा मोठं तेच वाचतो. त्यापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे 'किती वेळाने वाजणार' हा मजकूर. अँड्रॉइडवर अलार्म लावताच खाली काही सेकंद एक पट्टी येते: Alarm set for 7 hours and 45 minutes from now. सॅमसंगवर असाच मजकूर अलार्मच्या यादीच्या वर कायम दिसतो. काही फोनांत प्रत्येक अलार्मच्या ओळीखाली असतो. पट्टी निघून गेली तर घाबरू नका: त्या अलार्मचं बटण एकदा बंद करून पुन्हा चालू करा, ती परत येते.

आकडे तुमच्याच वेळापत्रकानं काढू. बुधवारी रात्री बरोबर दहाला तुम्ही अलार्म चालू केला. सकाळचे पावणेसहा तिथून सात तास पंचेचाळीस मिनिटांवर आहेत. संध्याकाळचे पावणेसहा म्हणजे त्यात बारा तास मिळवा: एकोणीस तास पंचेचाळीस मिनिटं. पट्टीत 7 आलं तर सकाळ, 19 आलं तर संध्याकाळ. AM कुठल्या रंगात आहे, चाक कुठे थांबलं, फोनची भाषा कोणती, यातलं काहीच पाहायची गरज उरत नाही. मनातल्या मनात 'मी आत्ता झोपले तर किती तास झोप मिळेल' हा हिशेब आपण तसाही करतोच. फोनचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे, इतकंच. कोणालाच एकोणीस तास झोप मिळत नाही.

मात्र हा हिशेब रात्रीचा आहे. हाच अलार्म दुपारी बारा वाजता लावलात तर सगळं उलटं होतं: सकाळचा बरोबर अलार्म सतरा तास पंचेचाळीस मिनिटं दाखवेल आणि चुकलेला PM पाच तास पंचेचाळीस मिनिटं. तेव्हा छोटा आकडा पाहून 'बरोबर आहे' म्हणालात तर फसाल. संध्याकाळी पावणेसहा वाजून गेल्यानंतर ते पहाटे पावणेसहापर्यंत, एवढ्याच काळात 'बारा तासांपेक्षा कमी म्हणजे सकाळ' हा नियम लागू पडतो. दुपारी लावायचा असेल तर रात्री झोपताना बटण बंद-चालू करून पुन्हा वाचा.

आता वारांची परीक्षा. ती बुधवारी रात्री होत नाही, कारण तेव्हा एकदाचा अलार्म, रोजचा अलार्म आणि सोमवार ते शुक्रवारचा अलार्म, तिन्ही सात तास पंचेचाळीस मिनिटंच दाखवतात. शुक्रवारची रात्र पकडा. शुक्रवारी रात्री दहाला बटण बंद-चालू केलं की अलार्म सोमवारची वाट पाहू लागला पाहिजे. शुक्रवार रात्री दहापासून रविवार रात्री दहापर्यंत दोन दिवस, आणि पुढे सात तास पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे फोननं 2 दिवस 7 तास 45 मिनिटं असं दाखवलं पाहिजे, आणि फोन फक्त तास दाखवत असेल तर 55 तास 45 मिनिटं. पट्टीत नुसतेच 7 तास 45 मिनिटं आले, तर शनिवारचं वर्तुळ भरलेलं आहे किंवा एकही वार निवडलेला नाही. 1 दिवस 7 तास आले तर शनिवार रिकामा आहे पण रविवार लागलाय. दोन S ची अदलाबदल झाली की हेच दिसतं. 2 दिवस 19 तास आले तर वार बरोबर आहेत, पण AM चुकलाय. एकाच आकड्यात दोन्ही उत्तरं मिळतात: दिवस वारांबद्दल सांगतात, तास सकाळ-संध्याकाळबद्दल.

एवढ्यानं सोमवार बरोबर आहे हे कळतं. मंगळवार ते शुक्रवारमधला एखादा राहिला असेल तर ते शुक्रवारी रात्री दिसणार नाही. त्यासाठी वर्तुळं मोजणं हाच उपाय: पाच भरलेली, दोन रिकामी. मधलाच एखादा T राहून जातो, तेवढा पाहा.

आयफोनवर मात्र ही पट्टी येत नाही. तिथे यादीतली ओळ मोठ्यानं वाचा, 5:45 आणि AM दोन्ही, आणि खाली Weekdays आहे का पाहा. मिस्टरांना AM-PM चा सारखाच त्रास होत असेल तर Settings, General, Date & Time मध्ये 24-Hour Time चालू करा. मग सकाळचे पावणेसहा 5:45 आणि संध्याकाळचे 17:45 असे वेगळे आकडे होतात आणि AM-PM नाहीसाच होतो. अँड्रॉइडवर हेच Settings मधल्या Date & time मध्ये Use 24-hour format या नावानं असतं; सॅमसंगवर त्याआधी General management मध्ये शिरावं लागतं. चुकीचं मूळच निघून जातं म्हणून हा उपाय चांगला. पण फोनवरची सगळीच घड्याळं तशी होतात, रात्रीचे दहा 22:00 दिसतात. रेल्वेचं वेळापत्रक वाचायची सवय असलेल्यांना ते खटकत नाही. घरात तोच फोन आजी-आजोबाही पाहत असतील तर मी हा उपाय सुचवणार नाही, एक गोंधळ काढून दुसरा आणण्यात अर्थ नाही.

अलार्म वाजतो का याची चाचणी घ्यायची असेल तर ती याच अलार्मवर घेऊ नका. बरेच जण दुपारी चारला अलार्म 4:02 वर आणतात, वाजला की समाधानानं पुन्हा 5:45 करतात. चाचणीसाठी तो PM झालेला असतो, आणि परत फिरवताना आकडे बदलले जातात, PM तसाच राहतो. म्हणजे चाचणीनंच अलार्म बिघडवला. चाचणीसाठी दोन मिनिटांनंतरचा वेगळा, एकदाचा अलार्म लावा, आवाज ऐका आणि तो काढून टाका. या चाचणीत पाहायचं ते आवाजाचं. अँड्रॉइडवर अलार्मचा आवाज रिंगटोन आणि गाण्यांच्या आवाजापेक्षा वेगळा असतो; आवाजाचं बटण दाबून उघडणाऱ्या पट्ट्यांत घड्याळाचं चिन्ह असलेली पट्टी वर असली पाहिजे. फोन सायलेंटवर असला तरी अलार्म सहसा वाजतो, पण Do Not Disturb लावताना अलार्मलाही मनाई केली असेल तर नाही. आणि रात्री फोन पूर्ण बंद करून ठेवलात तर वाजेल या भरवशावर राहू नका.

एक तपासणी क्वचितच लागते, पण लागते तेव्हा दुसरं काही सुचत नाही. बॅटरी पूर्ण उतरून फोन बराच काळ बंद होता आणि मग चालू केला, तर कधी तारीख चुकीची येते. मग वारही चुकतो, आणि सोमवार ते शुक्रवारचा अलार्म शनिवारी वाजतो. लॉक स्क्रीनवरचा वार आणि तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहा. Date & time मध्ये वेळ नेटवर्कवरून आपोआप घ्यायचा पर्याय चालू ठेवला की हे होत नाही.

आता सुट्ट्यांचं. फोनला वार कळतो, सुट्टी कळत नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत शाळेला सुट्टी असली तरी ती बुधवारी आली तर अलार्म पावणेसहाला वाजणारच. अशा वेळी बहुतेक जण रात्री अलार्मचं बटण बंद करतात आणि सुट्टी संपल्यावर चालू करायला विसरतात. सोमवार ते शुक्रवारचा अलार्म न वाजण्याचं AM-PM सारखंच हेही एक नेहमीचं कारण आहे, आणि 'रोज' लावून शनिवारी बंद करण्यातही हाच धोका दर आठवड्याला असतो. त्यापेक्षा एका दिवसापुरता वगळायचा मार्ग वापरा. गूगलच्या Clock मध्ये अलार्मच्या दोन तास आधीपासून वर सूचना येते, तिच्यातलं Dismiss दाबलं की फक्त त्या दिवसाचा अलार्म रद्द होतो, पुढच्या दिवसाचा शाबूत राहतो. पण पावणेसहाच्या आधी दोन तास म्हणजे पावणेचार. त्यासाठी कोण जागं राहणार! काही फोनांत वारांचा अलार्म बंद करायला गेलं की फक्त पुढचा एक वगळायचा का, असं विचारलं जातं. तुमचा फोन विचारत असेल तर तोच पर्याय घ्या. विचारत नसेल तर सरळ वाजू द्या, एकदा बंद करून पुन्हा झोपा. बटण बंद करून विसरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

वाजत असताना Snooze आणि Stop यांतला फरकही घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. Snooze म्हणजे काही मिनिटांनी पुन्हा वाजेल, आयफोनवर नेहमीच्या सेटिंगला नऊ मिनिटांनी. Stop किंवा Dismiss म्हणजे आजचा विषय संपला, उद्या पुन्हा. यातलं कुठलंही दाबलं तरी वार बिघडत नाहीत.

शनिवारी सकाळची शाळा कधीमधी असेल तर तो वार या अलार्ममध्ये घालू नका. आपल्याकडच्या कित्येक शाळांत शनिवारची वेळ बाकीच्या दिवसांपेक्षा वेगळी असते, म्हणून त्याचा वेगळा अलार्म करा, फक्त शनिवारचं वर्तुळ भरा आणि त्याला 'शनिवार शाळा' असं नाव द्या. नाव द्यायची सोय प्रत्येक अलार्मला असते, गूगलच्या Clock मध्ये Add label म्हणून. तुमच्या मुख्य अलार्मला 'शाळा सकाळ' असं नाव ठेवलंत तर चुकून संध्याकाळी वाजलाच, तरी पडद्यावर नाव पाहून लगेच लक्षात येईल की याचाच PM झालाय.

पाण्याचा अलार्म मात्र यात मिसळू नका. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते वार पाळत नाही. या आठवड्यात मंगळवारी आलं म्हणून मंगळवारचं वर्तुळ भरून ठेवलंत तर पुढच्या आठवड्यात ते फुकट वाजेल. त्याला एकही वार नको, एकदाचाच अलार्म हवा, आणि पाणी आलं त्याच दिवशी पुढच्या पाळीचा लावून टाकायचा.

पाण्यासाठी किंवा रात्रपाळीवरून येणाऱ्या कोणासाठी मध्यरात्रीनंतरचा अलार्म लावायचा असेल तर AM-PM आणि वार दोन्ही एकदम उलटेपालटे होतात. रात्रीचे साडेबारा म्हणजे 12:30 AM. 12:30 PM म्हणजे दुपारची जेवायची वेळ. आणि बारा वाजून गेले की फोनसाठी पुढचा वार सुरू झालेला असतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून कोणी सोमवार ते शुक्रवारच्या पाळीवरून रात्री साडेबाराला घरी येत असेल आणि दार उघडायला उठायचं असेल, तर आपण बोलताना 'शुक्रवारी रात्री' म्हणतो, पण फोनच्या हिशेबानं तो शनिवार असतो. म्हणून त्या अलार्मला मंगळवार ते शनिवार भरायचे, सोमवार रिकामा. सोमवार भरलात तर तो रविवारच्या रात्री, सगळे गाढ झोपलेले असताना वाजेल, आणि शनिवार रिकामा ठेवलात तर शुक्रवारच्या पाळीवरून आलेला माणूस दार वाजवत उभा राहील.